सर्व धर्म एक, तर मग नवा धर्म कशासाठी? बहाई श्रद्धेचे उत्तर

प्रश्न: आमच्या अंबाजोगाईत ओळखीचे एक बहाई कुटुंब आहे. ते म्हणतात, सगळे धर्म एकच आहेत. हे तर आम्ही कीर्तनातही ऐकत आलो. मग वेगळा धर्म काढण्याची गरज काय? धर्मांचे नियम एकमेकांच्या विरुद्ध असताना ते एक कसे? आणि बहाई झाले तर वडिलांची वारी आणि आपले संत सोडावे लागतात का?

उत्तर:

बहाई माणूस ‘सर्व धर्म एक’ म्हणतो, तेव्हा सर्व धर्मांची शिकवण सारखीच आहे असे त्याला म्हणायचे नसते. ईश्वर एक आहे, मानवजात एक आहे आणि त्या एका ईश्वराने या एका मानवजातीला वेगवेगळ्या काळी, त्या त्या काळची गरज आणि समज पाहून जे शिकवले त्याची मालिकाही एकच आहे, असे त्याचे म्हणणे असते. या मालिकेत आधीचे खोटे ठरत नाही आणि नंतरचे अनावश्यक ठरत नाही. यालाच क्रमिक प्रकटीकरण म्हणतात. कीर्तनात आपण ऐकतो ती एकता बहुतेक वेळा काळाच्या बाहेरची असते, म्हणजे कोणत्याही वाटेने गेले तरी पोहोचायचे एकाच ठिकाणी. बहाई एकतेला मात्र इतिहास आहे, क्रम आहे, आणि त्या क्रमातील ताज्या संदेशाविषयी माणसाने काही निर्णय घ्यावा अशी अपेक्षाही आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर या फरकात आहे, म्हणून तो जरा सविस्तर मांडतो.

या धर्माची सुरुवात इराणमध्ये झाली. 1844 साली शिराझ शहरातील बाब या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तरुणाने आपण ईश्वरी संदेश घेऊन आलो असल्याचे जाहीर केले आणि आपल्यानंतर आणखी एक, अधिक मोठा संदेशवाहक येणार असल्याचे सांगितले. 1850 साली तब्रीझ येथे त्यांना गोळ्या घालून ठार करण्यात आले. 1863 साली बगदादमध्ये, तेथे हद्दपारीत राहणाऱ्या बहाउल्लाह यांनी तो संदेशवाहक आपणच असल्याचे आपल्या सोबत्यांना सांगितले. पुढे त्यांना इस्तंबूल, एदिर्ने आणि शेवटी आजच्या इस्रायलमधील अक्का येथे पाठवण्यात आले आणि कैदी म्हणूनच 1892 साली अक्काजवळच्या बहजी येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे लेखन हे बहाई श्रद्धेचे मूळ आहे.

धर्मांच्या एकतेचे सर्वांत सविस्तर विवेचन ‘किताब-ए-इकान’ या त्यांच्या ग्रंथात आहे आणि तो लिहिला जाण्याचे कारण अगदी घरगुती होते. बाब यांचे एक मामा 1861-62 च्या सुमारास इराकमध्ये यात्रेला आले होते. ज्याला लहानपणापासून घरात वाढताना पाहिले तो आपला भाचा हाच युगानुयुगे वाट पाहिलेला पुरुष आहे, हे त्यांच्या मनाला पटेना. परंपरेत सांगितलेली लक्षणे काही वेगळीच होती. त्यांनी आपल्या शंका लिहून बहाउल्लाहांपुढे ठेवल्या आणि दोन दिवस व दोन रात्रींत त्यांना हा ग्रंथ उत्तरादाखल मिळाला. ग्रंथाचा मुख्य प्रश्न असा की, प्रत्येक धर्माचे लोक पुढच्या संदेशवाहकाची वाट पाहतात आणि तो आला की बहुतेक लोक त्यालाच नाकारतात, असे का व्हावे? मूसांच्या लोकांनी येशूला नाकारले, येशूच्या लोकांनी मुहंमदांना नाकारले. नाकारणाऱ्यांमध्ये विद्वान धर्माचार्य पुढे होते आणि त्यांच्या हातात धर्मग्रंथही होते. बहाउल्लाहांच्या मते, ग्रंथातील खुणांचा त्यांनी शब्दशः अर्थ धरला आणि माणसाच्या रूपात समोर उभे असलेले त्यांना ओळखता आले नाही.

याच ग्रंथात कुराणातील दोन वचने शेजारी ठेवली आहेत. दोन्ही एकाच सूऱ्यातील, म्हणजे अध्यायातील आहेत. एक म्हणते की, ईश्वराच्या प्रेषितांमध्ये आम्ही भेद करीत नाही. दुसरे म्हणते की, काही प्रेषितांना आम्ही इतरांहून वरचढ केले. वरवर पाहता ही सरळसरळ विसंगती आहे. बहाउल्लाहांचे उत्तर असे की प्रत्येक संदेशवाहकाला दोन अवस्था असतात. पहिली शुद्ध एकतेची. तेथे कृष्ण, बुद्ध, मूसा, येशू, मुहंमद यांच्यात काहीही भेद नाही. सर्वांचा उगम एक, हेतू एक, आणि एकाला नाकारणे म्हणजे सर्वांना नाकारणे. दुसरी अवस्था भेदाची. तेथे प्रत्येकाचे नाव वेगळे, देश वेगळा, काळ वेगळा, नेमून दिलेले कार्य वेगळे आणि म्हणून आज्ञाही वेगळ्या. धर्मांमधील बहुतेक वाद एका अवस्थेचे वाक्य दुसऱ्या अवस्थेला लावल्याने होतात. माझ्या अनुभवात हा उतारा शांतपणे दोनदा वाचला की पुढची निम्मी चर्चा आपोआप सोपी होते. म्हणून नव्या अभ्यास गटात मी तो नेहमी लवकर घेतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न. नियम एकमेकांविरुद्ध असताना एकता कशी? बहाई विचारानुसार प्रत्येक धर्माचे दोन भाग असतात. एक कधीच बदलत नाही: ईश्वराला ओळखणे, प्रार्थना, सत्य, दया, न्याय, मन शुद्ध ठेवणे. दुसरा समाजाच्या व्यवस्थेचा असतो: विवाह, वारसा, उपवासाची रीत, पूजेची पद्धत, शिक्षा. तो काळानुसार बदलतो आणि बदलावाच लागतो. मोघम बोलण्यापेक्षा एक उदाहरण पूर्ण पाहू. ते खुद्द ‘किताब-ए-इकान’मध्येच आलेले आहे.

मुहंमद पैगंबर मक्केहून मदिनेला आले तेव्हा मुसलमान यरुशलेमकडे तोंड करून नमाज पढत होते. या स्थलांतरानंतर दुसऱ्या वर्षी, म्हणजे 624 च्या सुमारास, भर नमाजात आज्ञा आली आणि पैगंबरांनी आपले तोंड यरुशलेमकडून मक्केतील काबाकडे वळवले. मदिनेच्या उत्तरेला यरुशलेम आणि दक्षिणेला मक्का, म्हणजे उभ्या रांगेला जवळजवळ पूर्ण मागे वळावे लागले. नमाजाच्या वेळी ज्या दिशेला तोंड करायचे तिला किब्ला म्हणतात. मदिनेत ‘दोन किब्ल्यांची मशीद’ म्हणून ओळखली जाणारी मशीद या प्रसंगाची आठवण आजही सांगते. अनुयायांत खळबळ माजली. ईश्वराने काल एक दिशा पवित्र ठरवली आणि आज दुसरी, हे कसे? कुराण या शंकेला दोन उत्तरे देते. पहिले असे की, पूर्व आणि पश्चिम दोन्ही ईश्वराचीच आहेत, जिकडे वळाल तिकडे तो आहेच. दुसरे असे की, प्रेषिताच्या मागे कोण जातो आणि कोण टाचेवर परत फिरतो हे उघड व्हावे म्हणून ही दिशा ठरवली. बहाउल्लाह या ठिकाणी थांबून दाखवून देतात की ईश्वराला दिशेची गरज नव्हती. सवयीला चिकटलेले मन आणि आज्ञेमागच्या आज्ञा करणाऱ्याला ओळखणारे मन, यांतला फरक त्या एका वळणाने दिसून आला.

या प्रसंगात काय टिकले आणि काय बदलले ते पाहा. नमाज टिकली, ईश्वरापुढे नम्र होणे टिकले, सर्वांनी मिळून एका बाजूला वळण्याची शिस्त टिकली. दिशा बदलली. यरुशलेमकडे केलेल्या नमाजा वाया गेल्या असे कोणी म्हटले नाही, आणि आज्ञा आल्यानंतरही यरुशलेमकडेच तोंड करून राहणे हेही योग्य मानले गेले नाही. क्रमिक प्रकटीकरणाचा सगळा सिद्धांत या एका घटनेत सामावलेला आहे.

बहाईंचा किब्ला पुढे आणखी बदलला. बाब यांनी लिहून ठेवले होते की, ज्याला ईश्वर प्रकट करील तोच किब्ला, तो जाईल तिकडे किब्लाही जाईल आणि तो विसावेल तेथे किब्ला स्थिर होईल. म्हणून आज बहाई माणूस रोजची अनिवार्य प्रार्थना बहजी येथील बहाउल्लाहांच्या समाधीकडे तोंड करून म्हणतो. मराठवाड्यातून मक्का जवळजवळ पश्चिमेला येते. बहजी त्याहून बरेच उत्तरेकडे, वायव्येच्या बाजूला येते. माझ्या घरी आम्ही होकायंत्राने ही दिशा एकदा ठरवून घेतली आणि त्या भिंतीसमोर चटई टाकली. अनिवार्य प्रार्थनेचे तीन प्रकार आहेत आणि त्यांपैकी कोणताही एक निवडता येतो. सर्वांत लहान प्रार्थना दुपारपासून सूर्यास्तापर्यंत केव्हाही एकदा म्हणायची असते. ती एका मिनिटात होते. ईश्वरा, तू मला तुला ओळखण्यासाठी आणि तुझी उपासना करण्यासाठी निर्माण केलेस याची मी साक्ष देतो, असा तिचा आशय आहे. ही प्रार्थना ज्याची त्याने एकट्याने म्हणायची असते. मागे रांगा लावून ती म्हणत नाहीत आणि पुढे उभा राहणारा पुरोहितही नसतो, कारण बहाई धर्मात पुरोहितवर्गच नाही.

आज्ञा का बदलतात, याचे कारण बहाउल्लाहांनी एका पत्रात सर्वांत थोडक्यात सांगितले आहे आणि त्या पत्राचा संबंध मुंबईशी आहे. माणेकजी लिमजी हातरिया हे पारशी गृहस्थ. इराणमधील जरथुष्ट्री लोकांचे हाल कमी व्हावेत म्हणून मुंबईच्या पारशी मंडळींनी त्यांना 1854 साली तिकडे पाठवले होते. जाताना बगदादमध्ये त्यांची बहाउल्लाहांशी भेट झाली आणि पुढे पत्रव्यवहारही झाला. त्यांच्या प्रश्नांना उत्तर देताना बहाउल्लाह लिहितात की, सर्वज्ञ वैद्याचे बोट मानवजातीच्या नाडीवर आहे. तो रोग ओळखतो आणि औषध देतो. प्रत्येक युगाचा प्रश्न वेगळा आहे, म्हणून तुम्ही ज्या युगात राहता त्याच्या गरजांचा विचार करा. याच पत्रात ‘तुम्ही एकाच झाडाची फळे आणि एकाच फांदीची पाने आहात’ हे प्रसिद्ध वचन आहे. हे वचन पुष्कळदा एकटेच उद्धृत केले जाते. नाडीचे वाक्य त्याच्यासोबत वाचले तरच बहाई एकता कळते, असे माझे मत आहे. नुसत्या फळा-पानांवरून ती केवळ सद्भावना वाटते.

तर मग या युगाचा रोग कोणता? बहाउल्लाहांच्या निदानानुसार तो फुटीचा आहे. सगळे जग दळणवळणाने जोडले गेले, पण माणसे वंश, जात, राष्ट्र आणि पंथ यांत विभागलेलीच राहिली. म्हणून या प्रकटीकरणातील आज्ञांचा रोख एकतेकडे आहे: स्त्री-पुरुष समान, विवाह एकाच व्यक्तीशी आणि दोघांच्या आई-वडिलांच्या संमतीने, सत्याचा शोध प्रत्येकाने स्वतः घ्यायचा, विज्ञान आणि धर्म यांत विरोध मानायचा नाही, दारू वर्ज्य. व्यवस्था निवडून दिलेल्या सभांच्या हाती असते. गावात स्थानिक आध्यात्मिक सभा, देशात राष्ट्रीय सभा आणि जगासाठी हैफा येथे नऊ सदस्यांचे विश्व न्याय मंदिर, जे 1963 साली प्रथम निवडले गेले. नवा धर्म कशाला, याचे बहाई उत्तर असे की, या गोष्टी आधीच्या संदेशांच्या आत्म्याशी सुसंगत असल्या, तरी त्या काळच्या समाजाला आज्ञा म्हणून देता आल्या नसत्या.

अभ्यास गटात हा सिद्धांत दोन ठिकाणी हमखास घसरतो. पहिली घसरण अहंकाराची. क्रम म्हटले की ऐकणारा लगेच शिडी उभी करतो. सर्वांत खाली जुने धर्म, सर्वांत वर आपण. बहाउल्लाहांनी हे स्पष्टपणे नाकारले आहे. संदेशांत जो फरक दिसतो तो ऐकणाऱ्यांच्या कुवतीतला आहे, आणणाऱ्यांच्या योग्यतेतला नव्हे. शिवाय मालिका बहाउल्लाहांपाशीही संपत नाही. एक हजार वर्षे पूर्ण होण्याआधी नवा ईश्वरी संदेश आणल्याचा दावा कोणी केला तर तो मानू नये, असे त्यांनी आपल्या ‘किताब-ए-अक्दस’ या विधिग्रंथात लिहिले. याचा अर्थ त्यानंतर पुढचा संदेशवाहक येणार, आणि तेव्हा आजच्या बहाईंचीही किब्ल्याचीच परीक्षा होणार. एखादा तरुण ‘आमचा धर्म शेवटचा’ म्हणू लागला की त्याला मी हे वाक्य काढून वाचायला देतो.

दुसरी घसरण म्हणजे दुसऱ्याच्या श्रद्धेवर आपली व्याख्या लादणे, आणि मराठवाड्यात ती फार लवकर दिसून येते. परभणीला एका घरी वाचन सुरू असताना कोणीतरी ‘बुद्ध हाही अवतारच’ असे म्हटले. तेव्हा समोर बसलेल्या तरुणाने वही मिटली आणि शांतपणे सांगितले की, त्याच्या आजोबांनी घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी एक हीच आहे: बुद्ध विष्णूचा अवतार आहे असे मी मानणार नाही. तो बरोबर होता. 1956 साली नागपूरला बाबासाहेबांनी दिलेली ती प्रतिज्ञा एका जुन्या अन्यायाला दिलेले उत्तर आहे. बहाई सिद्धांतही बुद्धाला विष्णूचा अवतार म्हणत नाही. उलट ईश्वराचे तत्त्व कोणाच्याही देहात उतरते ही कल्पनाच बहाउल्लाहांना अमान्य आहे. ईश्वराचे मूळ स्वरूप माणसाला कधीच कळणार नाही, आणि संदेशवाहक त्याच्या गुणांचे निर्मळ दर्शन घडवतो, एवढेच ते म्हणतात. त्या दिवशी हे सांगितल्यावर वाचन पुढे चालले. तरीही मतभेद उरतोच, कारण बहाई माणूस बुद्धाच्या शिकवणीमागे ईश्वर पाहतो आणि आंबेडकरी बौद्ध तो पाहत नाही. हा मतभेद गोड शब्दांनी झाकू नये. एकतेचा दावा बहाई श्रद्धेचा आहे. तो समोरच्याच्या धर्माने मान्य केलेला आहे असे भासवणे अप्रामाणिक आहे.

मुसलमान मित्रांशी बोलतानाही हीच काळजी घ्यावी लागते. कुराणात मुहंमद पैगंबरांना प्रेषितांवरील मोहोर म्हटले आहे आणि त्यानंतर कोणी नाही, हा मुस्लिम श्रद्धेचा गाभा आहे. बहाउल्लाहांचे म्हणणे असे की, एकतेच्या अवस्थेत प्रत्येक संदेशवाहक स्वतःला आदी आणि अंत म्हणू शकतो, आणि मोहोरेने जे संपले ते भविष्यकथनाचे युग होते. मुस्लिम विद्वानांना हा अर्थ मान्य नाही. इराणमध्ये बहाईंचा जो छळ झाला त्याच्या मुळाशी मोठ्या प्रमाणात हाच वाद आहे.

हिंदू श्रोत्याला मात्र सुरुवात अगदी सोपी वाटते, कारण गीतेच्या चौथ्या अध्यायातले ‘यदा यदा हि धर्मस्य’ सर्वांना पाठ असते आणि धर्माला ग्लानी आली की पुन्हा येण्याचे ते वचन बहाई माणसालाही मोलाचे वाटते. कृष्ण हे बहाई श्रद्धेत ईश्वरी संदेशवाहक आहेत, यात शंका नाही. पण याच सोपेपणामुळे पुढचा फरक नजरेतून सुटतो. बहाई श्रद्धेत पुनर्जन्म नाही. आत्म्याची सुरुवात गर्भधारणेपासून होते आणि देह सुटल्यावर तो याच पृथ्वीवर परत येत नाही, पुढच्या लोकांत ईश्वराच्या जवळ जात राहतो. संदेशवाहकांच्या ‘परत येण्या’चा अर्थही तोच आत्मा नव्या देहात येणे असा नसून तेच गुण आणि तेच कार्य पुन्हा प्रकट होणे असा आहे. हे ज्याला आधी सांगितले जात नाही, त्याला पुढे फसवले गेल्यासारखे वाटते. तुम्हाला म्हणून ते आधीच सांगतो.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. संदेशवाहक आणि संत यांत बहाई विचार फरक करतो. संदेशवाहक स्वतंत्र संदेश आणि नवी व्यवस्था आणतो. संत त्या प्रकाशात जगतो आणि इतरांना जगायला शिकवतो. नांदेडमुळे आपल्याकडे गुरू नानकांविषयी नेहमी विचारले जाते. हिंदू आणि इस्लाम यांच्यात सलोखा घडवण्यासाठी प्रेरित झालेले अत्युच्च कोटीचे संत, असे त्यांच्याकडे बहाई आदराने पाहतात. शीख बांधवांच्या दृष्टीने हे वर्णन अपुरे आहे, याची आपण जाणीव ठेवावी. नरसीचे नामदेव, आपेगावचे ज्ञानेश्वर, पैठणचे एकनाथ यांनाही हीच संतत्वाची कसोटी लावता येते, असे मला वाटते. त्यांचे अभंग आणि ओव्या वाचायला, गायला, त्यांवर प्रेम करायला बहाई होणे आड येत नाही. आमच्या प्रार्थनासभेत बहाउल्लाहांच्या प्रार्थनांसोबत इतर धर्मग्रंथांतील वचनेही वाचली जातात. दिल्लीच्या कमळ मंदिरात, जे 1986 साली खुले झाले, सर्व धर्मांची पवित्र वचने वाचली जातात. तेथे मूर्ती नाही आणि प्रवचनही नाही.

सोडावे लागते ते वेगळे. बहाई झाल्यावर एकाच वेळी दुसऱ्या धर्माच्या संस्थेचे सदस्यत्व किंवा पौरोहित्य ठेवता येत नाही. शोगी एफेंदी यांनी, जे 1921 पासून 1957 पर्यंत या समाजाचे मार्गदर्शक होते, हे स्पष्ट केले आहे. उपवासाची बहाई रीत पाळावी लागते: मार्चमध्ये नवरोज या बहाई नववर्षाच्या आधी एकोणीस दिवस, सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत अन्न-पाणी वर्ज्य. पंधरा वर्षांखालील, सत्तरीपुढचे, आजारी, प्रवासात असलेले आणि गरोदर स्त्रिया यांना सूट आहे. मराठवाड्याच्या उन्हात कष्टाचे काम करणाऱ्यांनाही सूट आहे. मृत्यूनंतर दहन न करता दफन होते आणि मृत्यूच्या ठिकाणापासून एका तासाच्या प्रवासाच्या आतच दफन व्हावे असा नियम आहे. म्हणून घरच्यांशी हा विषय वेळेवर बोलून, शक्यतो लिहून ठेवणे बरे. ऐनवेळी स्मशानात वाद होताना मी पाहिले आहेत. वडिलांची वारी ही वडिलांची आहे. ती सोडा असे बहाई धर्म त्यांना सांगत नाही, आणि तुम्ही त्यांची पिशवी उचलून अंबाजोगाईच्या बसस्थानकापर्यंत त्यांना पोहोचवायला गेलात तर त्यात बहाई नियमाचा कोणताही भंग होत नाही. तुम्ही स्वतः बहाई व्हायचे की नाही, हे मात्र वडील, ते ओळखीचे कुटुंब किंवा मी ठरवू शकत नाही. पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या माणसाने ते स्वतः वाचून, विचारून ठरवायचे असते. त्यासाठी ‘किताब-ए-इकान’मधील किब्ल्याचा आणि दोन अवस्थांचा भाग आधी वाचा, आणि ओळखीच्या त्या बहाई कुटुंबाला त्यातील अडणारी वाक्ये जरूर विचारा.